बोलताना नेट का पडतं? एका फोनमधली दोन सिम आणि राहून गेलेली सेटिंग

प्रश्न : "जुना नंबर बँकेत, आधारला, गॅसला सगळीकडे दिलाय, तो सोडता येत नाही. घरात त्या कंपनीचं नेट चालत नाही म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलं. कॉल जुन्यावरून आणि नेट नव्यावरून असं सेटिंग केलं. तरी कधी कधी जुन्यावरून नेट जातं आणि बॅलन्स कापला जातो. फोनवर बोलायला लागलं की नेट बंदच पडतं. अँड्रॉइड फोन आहे. काय चुकतंय?"

उत्तर :

चुकलेलं काही नाही, काम अर्ध्यावर राहिलंय. कराडात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी तुमच्यासारखंच दोन गोष्टी बरोबर केलेल्या असतात: कॉलसाठी एक सिम निवडलेलं, नेटसाठी दुसरं. पण फोनमध्ये आणखी दोन सेटिंग असतात आणि ती बहुतेक कोणी उघडत नाही. एक म्हणजे नेट आपोआप दुसऱ्या सिमवर नेण्याचं, दुसरं म्हणजे प्रत्येक सिमचं फोरजी कॉलिंग. तुमचा कापला जाणारा बॅलन्स पहिल्यामुळे जातोय. बोलताना पडणाऱ्या नेटला मात्र थोडा फोनचा स्वभावही कारण आहे, आणि तो सेटिंगने पूर्ण बदलत नाही. म्हणून आधी तो सांगतो.

बाजारातल्या बहुसंख्य फोनमध्ये सिम दोन असली तरी टॉवरशी बोलणारा रेडिओ एकच असतो. फोन नुसता पडून असतो तेव्हा हा रेडिओ थोडा वेळ या सिमच्या टॉवरकडे, थोडा वेळ त्या सिमच्या टॉवरकडे लक्ष देतो, इतक्या झटपट की आपल्याला दोन्ही सिम एकाच वेळी चालू दिसतात. एकच माणूस दोन गल्ले सांभाळत असावा तसं हे आहे. एका गल्ल्यावर गिऱ्हाईक येऊन बोलत उभं राहिलं की दुसरा गल्ला तेवढा वेळ थांबणार. जुन्या सिमवर कॉल सुरू झाला की रेडिओ तिकडे अडकतो आणि नव्या सिमचं नेट थांबतं. कॉल ठेवला की काही सेकंदांत परत येतं. महागड्या, अलीकडच्या काही फोनमध्ये अशी सोय असते की एका सिमवर बोलताना दुसऱ्याचं नेट चालू राहतं. तुमचा फोन त्यातला आहे का हे खोक्यावर वाचून नीट कळत नाही, करून बघावं लागतं. ती चाचणी पुढे सांगतो.

आता सेटिंग. `Settings` उघडून वरच्या शोधाच्या चौकटीत `SIM` टाका, म्हणजे तुमच्या कंपनीने ते कुठल्या घरात लपवलंय याने फरक पडणार नाही. साध्या अँड्रॉइडवर ते `Network & internet` मध्ये `SIMs` नावाने असतं, सॅमसंगवर `Connections` मध्ये `SIM manager`, शाओमीवर `SIM cards & mobile networks`. नावं थोडी मागेपुढे होतात, आतला मजकूर साधारण तोच.

तिथे गेल्यावर सगळ्यात आधी दोन्ही सिमची नावं बदला. कंपन्यांची नावं काढून जुन्याला "कॉल" आणि नव्याला "नेट" असं लिहा. हे पोरकट वाटेल, पण पुढच्या प्रत्येक पडद्यावर फोन तुम्हाला याच नावांनी विचारणार आहे आणि घाईत चुकीच्या सिमवर बोट पडण्याचं प्रमाण यानेच कमी होतं. नाव लिहायच्या चौकटीत देवनागरी चालत नसेल तर इंग्रजीत लिहा. घरात वयस्कर कोणी फोन वापरत असेल तर मी ही गोष्ट न विचारताच करून देतो.

मग `Mobile data` साठी "नेट" निवडा आणि `Calls` साठी "कॉल". कॉलच्या जागी "दर वेळी विचार" असाही पर्याय असतो. काही लोकांना तो आवडतो, मला नाही. एकदा ठरलं की ठरलं, नाहीतर प्रत्येक वेळी डायल करताना एक चौकट पुढे येत राहते. `SMS` असेल तर तिथेही जुनं सिमच ठेवा, कारण बँकेचं सगळं त्या नंबरावर आहे.

इथे एक गैरसमज सरळ करून घ्या. `Calls` मध्ये निवडलेलं सिम फक्त तुम्ही लावलेल्या कॉलसाठी असतं. येणारा कॉल ज्या नंबरावर लावला त्याच सिमवर येणार, त्यात तुमच्या निवडीचा काही संबंध नाही. ओटीपीचंही तसंच आहे, तो ज्या नंबरावर पाठवला तिथेच येतो. "कॉलला जुनं सिम ठेवलं तर नव्या नंबरावर फोन येणं बंद होईल का?" असं पुष्कळ जण विचारतात. होत नाही.

बॅलन्स कापण्याचं मूळ आहे `Automatic data switching` किंवा तत्सम नावाचं बटण. सॅमसंगवर ते `SIM manager` मध्येच खालच्या बाजूला `Auto data switching` किंवा `Data switching` या शब्दांत सापडतं, इतर काही फोनवर `Switch data during calls` किंवा `Data during calls` असं लिहिलेलं असतं. यात खरं तर दोन वेगळी कामं आहेत आणि काही फोनवर ती एकाच बटणाखाली कोंबलेली आहेत. पहिलं काम, नेटच्या सिमची रेंज खराब झाली की नेट दुसऱ्या सिमवर नेणं. दुसरं, कॉलच्या सिमवर बोलणं सुरू झालं की तेवढ्या वेळापुरतं नेट त्याच सिमवरून देणं. रेडिओ तसाही तिकडेच अडकलेला असतो, मग तिथलंच नेट का वापरू नये, असा साधा हिशेब.

हिशेब बरोबर आहे, पण तुमच्या जुन्या सिमवर नेटचा पॅक असेल तर. नसेल तर दोनांपैकी एक होतं. जुन्या सिमवर मुख्य बॅलन्स शिल्लक असेल तर नेट त्यातून मूळ दराने कापलं जातं, आणि बॅलन्स नसेल तर पडद्यावर `4G` दिसत राहतं पण पान उघडत नाही. तुमचा बॅलन्स कापला जातोय म्हणजे पहिलं होतंय. जुनं सिम पोस्टपेड असतं तर हेच महिन्याच्या बिलात आलं असतं, आणि ते बरंच उशिरा कळलं असतं.

म्हणून, जुन्यावर नेट नको हे पक्कं असेल तर हे बटण बंद करा. दोन वेगळी बटणं असतील तर दोन्ही बंद करा. त्याशिवाय जुन्या सिमच्या आत जाऊन `Roaming` बंद आहे ना बघा. हे करूनही धास्ती वाटत असेल तर जुन्या सिमवरून 1925 या नंबराला `STOP` असा एसएमएस पाठवा. मोबाईल नेट बंद करायला हा टोल-फ्री नंबर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार दिलेला आहे, परत सुरू करायचं तेव्हा त्याच नंबराला `START`. पाठवताना एसएमएस कुठल्या सिमवरून जातोय ते मात्र बघा, नाहीतर नव्याचंच नेट बंद करून बसाल.

आता फोरजी कॉलिंग, ज्याला आपल्याकडे सगळे व्होल्टी म्हणतात. प्रत्येक सिमच्या पानावर `VoLTE` किंवा `4G Calling` असं बटण असतं. ते दोन्ही सिमवर चालू हवं. जुन्या सिमवर ते बंद असेल तर फोरजीवर उभा असलेला फोन कॉल आला की टूजीवर उतरतो. म्हणजे कॉल लागायला वेळ लागतो, आवाज जाड येतो आणि टूजीवर बोलता बोलता नेट चालवणं हा विषयच संपतो. जिओचं सिम असेल तर ते बंद ठेवून चालतच नाही, कारण त्यांच्याकडे टूजी-थ्रीजी नाही, कॉलच व्होल्टीवर होतात. म्हणूनच जिओच्या सिमवर `Preferred network type` कधी टूजीवर ठेवू नका. बॅटरी वाचते म्हणून कोणीतरी सुचवतं, आणि मग सिम मेल्यासारखं होतं. व्होल्टी सुरू आहे की नाही हे बघायचं तर कॉल लावा आणि बोलता बोलता वर सिग्नलशेजारी नजर टाका. `4G` किंवा `VoLTE` तसंच राहिलं तर ठीक. त्या जागी `E`, `2G` किंवा नुसतेच सिग्नलचे दांडे दिसले तर फोन खाली उतरलाय.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, त्यात हे सगळं एका रांगेत येतं. कराडहून पुण्याच्या मार्केट यार्डात भाजी नेणारा एक टेम्पोवाला गिऱ्हाईक आहे. तुमच्यासारखीच गत: जुना नंबर सगळ्या व्यापाऱ्यांकडे, नवं सिम नेटसाठी. त्याची तक्रार अशी की कात्रजच्या आसपास नेमका व्यापाऱ्याचा फोन येतो, "कुठं पोचलास?" आणि समोरच्या नकाशातला बाण जागीच थांबतो. बोलणं संपेपर्यंत वळण मागे गेलेलं असतं.

फोन हातात घेऊन आधी त्याच्या जुन्या नंबरावर मी माझ्या फोनवरून कॉल लावला. त्याने उचलला, आणि वर `4G` होतं तिथे `E` आलं. कारण सोपं निघालं: जुन्या सिमचं `4G Calling` बंद होतं. ते सुरू केलं, फोन बंद करून चालू केला, परत कॉल लावला. या वेळी कॉल झटकन लागला, आवाज स्वच्छ, वर `4G` कायम. पण नकाशा तसाच थिजलेला. इथे बरेच दुकानदार "फोनच खराब आहे" म्हणून मोकळे होतात. फोन ठीक होता, रेडिओ जुन्या सिमवर होता एवढंच.

मग बोलताना नेट बदलण्याचं बटण सुरू करून बघितलं. कॉल लागला की नेटचे ते बारीक बाण नव्या सिमवरून जुन्या सिमशेजारी सरकले, म्हणजे बटण आपलं काम करत होतं. नकाशा तरी हलेना. जुन्या सिमवर नुसता बोलण्याचा पॅक होता, नेट शून्य, मुख्य बॅलन्सही शून्य. सेटिंग बरोबर, पण मागे नेटच नाही.

आता त्याच्यापुढे दोन रस्ते होते. एक, जुन्या सिमला थोडं नेट असलेला पॅक मारायचा आणि हे बटण चालू ठेवायचं. मग कॉलच्या त्या पाच-दहा मिनिटांपुरतं जुन्याचं नेट वापरलं जाणार, आणि नकाशाला नेट फारसं लागत नाही. पण पॅक महाग पडतो आणि ते नेट दुसऱ्या कशात उडणार नाही याकडे लक्ष ठेवावं लागतं. दुसरा रस्ता, बटण बंद ठेवायचं आणि नकाशाच फोनमध्ये उतरवून घ्यायचा. गूगल मॅप्समध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या गोल चित्रावर दाबलं की `Offline maps` येतं, त्यात `Select your own map` घेऊन चौकट ओढून हवा तेवढा भाग उतरवायचा. आपण कुठे आहोत हे फोनला उपग्रहावरून कळतं, त्याला सिमचं नेट लागत नाही. त्यामुळे कॉल सुरू असतानाही बाण चालत राहतो. नेट नसताना पुढे गर्दी आहे की नाही एवढं कळत नाही, पण वळण चुकत नाही. त्याने दुसरा रस्ता धरला. कराड ते पुण्यापर्यंतचा भाग दुकानातल्या वाय-फायवर उतरवून दिला. मलाही त्याच्या कामासाठी तोच बरा वाटला. तुमचं काम वेगळं असेल, समजा बोलता बोलता समोरच्याला फाइल पाठवावी लागत असेल, तर पहिला रस्ता घ्या.

तुमचा फोन कुठल्या जातीचा आहे हे अशाच चाचणीने कळेल. वाय-फाय बंद करा. दोन्ही सिमचं व्होल्टी चालू, आपोआप बदलण्याचं बटण बंद. जुन्या सिमवरून घरातल्या कोणाला कॉल लावा, कॉल चालू ठेवून ब्राउझरमध्ये आधी न उघडलेलं एखादं पान उघडा. आधी उघडलेलं पान घेऊ नका, ते साठवलेलं असतं आणि फसवतं. पान उघडलं तर तुमच्या फोनला दोन्ही कामं एकदम जमतात आणि तुमचा प्रश्न इथेच संपला. उघडलं नाही तर फोन एका रेडिओचा आहे, आणि वरच्या दोन रस्त्यांपैकी एक घ्यावा लागेल. व्हॉट्सअ‍ॅपवरचा कॉल या चाचणीत धरू नका. फोनच्या दृष्टीने तो नेटच असतो, त्यामुळे तो नव्या सिमवरून जातो आणि तेव्हा नेट पडण्याचा प्रश्नच नसतो. घरी वाय-फाय असेल तर तिथेही हा प्रश्न येत नाही, कारण मग नेट सिमवरून येतच नाही. शिवाय घरात जुन्या कंपनीची रेंजच कमी आहे म्हणता, तर जुन्या सिमच्या पानावर `Wi-Fi calling` असेल तर ते चालू करा. कॉल वाय-फायवरून येईल.

याच गोष्टीची दुसरी बाजू तुम्ही विचारली नाही, पण थोड्या दिवसांत कोणीतरी तुम्हाला ऐकवेल. तुम्ही जुन्या नंबरावर बोलत असताना नव्या नंबरावर कोणी फोन केला तर त्याला "संपर्क क्षेत्राबाहेर" किंवा "बंद आहे" असं ऐकू येतं. फोन हातात, सुरू, आणि समोरचा म्हणतो तुमचा फोन बंद होता. नवा नंबर कोणाला दिलेलाच नसेल तर सोडून द्या. दिला असेल तर नव्या सिमवर कॉल फॉरवर्डिंग लावा: "संपर्क होत नसेल तर" या पर्यायात जुना नंबर टाका. फोनच्या डायलरच्या सेटिंगमध्ये `Calling accounts` किंवा `Supplementary services` मध्ये जाऊन नवं सिम निवडलं की `Call forwarding` दिसतं, त्यात `When unreachable`. "नेहमी" वाला पर्याय निवडू नका, नाहीतर नव्या नंबरावर एकही फोन वाजणार नाही. जुन्यावर कॉल वेटिंगही चालू ठेवा, म्हणजे वळवलेला फोन बोलताना टुकटुक करून कळेल. वळवलेल्या कॉलचा तुकडा तुमच्या नव्या सिमवरून लावलेला कॉल म्हणून धरला जातो, पॅकमध्ये अमर्याद बोलणं असेल तर त्याची चिंता नाही.

फॉरवर्डिंगसाठी पूर्वी `*401#` सारखे आकडे डायल करायची पद्धत होती. फसवणुकीमुळे दूरसंचार विभागाने कंपन्यांना 15 एप्रिल 2024 पासून अशा आकड्यांवरचं फॉरवर्डिंग थांबवायला सांगितलं. तेव्हा यूट्यूबवर जुन्या व्हिडिओत दिसलं म्हणून आकडे मारत बसू नका, आणि "सिम अपडेट करायचंय, एवढं डायल करा" असं सांगणारा कोणी भेटला तर फोन ठेवा. तो तुमचे कॉल स्वतःकडे वळवत असतो, आणि ओटीपी सांगणारे कॉलही त्यात गेले.

"कॉलला जुनं सिम ठेवलंय तरी अमक्याला फोन लावला की नव्या नंबरावरून जातो" हीदेखील ठरलेली तक्रार. फोनमध्ये एखाद्या नावासाठी वेगळं सिम लक्षात ठेवलेलं असलं की ते सगळ्या सेटिंगच्या वरचढ ठरतं. कधीतरी सिम विचारणाऱ्या चौकटीत "हेच लक्षात ठेव" वर टिक झालेली असते. त्या माणसाचं नाव उघडा, तीन टिंबांच्या यादीत ठरवलेल्या सिमचा उल्लेख सापडेल, तो काढा. कॉल लॉगमधून उलट फोन करताना काही फोन ज्या सिमवर कॉल आला होता तेच सिम वापरतात, म्हणून महत्त्वाचा फोन लावताना नाव शोधून लावा.

रिचार्जचं बोलायचं तर ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक ठेवायला लावले, आणि अशा पॅकची मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. जुन्या सिमसाठी तुम्हाला नेमका तोच पॅक हवा. एक मोठा पॅक मारला की पुष्कळ दिवस बघायचं काम नाही. अॅप उघडल्यावर असे पॅक पहिल्या पानावर दिसत नाहीत, खाली सरकत जावं लागतं. हे मुद्दाम केलेलं असतं असं माझं मत. नव्या सिमला नेटचा पॅक, त्यात बोलणं असणारच, ते वाया गेलं तरी इलाज नाही. नुसते नेटचे जोडपॅक असतात, पण त्यांना बहुतेक वेळा मागे एक चालू मूळ पॅक लागतो.

जुन्या सिमचा पॅक मात्र संपू देऊ नका, आणि तो निवडताना त्यात एसएमएस आहेत याची खात्री करा. यूपीआय अॅप नव्या फोनवर किंवा अॅप पुन्हा टाकल्यावर सुरू करता, तेव्हा ते तुमच्या फोनमधून गुपचूप एक एसएमएस पाठवून नंबर तपासतं. तो बँकेत दिलेल्या नंबरावरूनच जावा लागतो. अॅप सिम विचारतं तेव्हा "कॉल" निवडा. तिथे बोट चुकून "नेट" वर पडलं, किंवा पॅक संपल्यामुळे जाणारे एसएमएस बंद असले, की "नंबर तपासता आला नाही" येतं आणि लोक बँकेत धावतात. एकदा नोंद झाली की पुढचे व्यवहार नव्या सिमच्या नेटवर आरामात होतात.

नव्या सिमला दांडे भरलेत पण नेटच येत नाही, असं झालं तर त्या सिमच्या पानावर `Access Point Names` उघडा. जिओला `jionet`, एअरटेलला `airtelgprs.com`, व्हीआयला `www`, बीएसएनएलला `bsnlnet` असं असायला हवं. सिम दुसऱ्या फोनमधून काढून टाकलं की कधी कधी इथे भलतंच काहीतरी राहतं. `Reset to default` केलं की बहुधा जागेवर येतं.

आयफोनवाल्यांसाठी एवढंच: `Settings` मध्ये `Mobile Service` (जुन्या आवृत्तीत `Mobile Data`), तिथे `Default Voice Line` जुनं, `Mobile Data` नवं, आणि त्याच पानावरचं `Allow Mobile Data Switching` हेच ते बॅलन्स खाणारं बटण. आयफोनवर ते बंद केलं तर आणखी एक गोष्ट जाते. दोन्ही कंपन्यांचं वाय-फाय कॉलिंग सुरू असेल तर एका नंबरावर बोलताना दुसऱ्या नंबराचा फोनही वाजू शकतो. पण बोलणं जुन्या सिमवर चाललेलं असेल तर त्यासाठी हे बटण चालू लागतं.

शेवटी एक वेगळा विचार तुमच्यापुढे ठेवतो. जुन्या कंपनीची रेंज फक्त तुमच्या घरातच वाईट असेल तर दोन सिम योग्य. ती सगळीकडेच वाईट असेल, ऑफिसात, रस्त्यात, गावाकडे, तर दोन सिम आणि दोन रिचार्ज करत बसण्यापेक्षा जुना नंबरच नव्या कंपनीत पोर्ट करा. नंबर तोच राहतो, बँक-आधार-गॅस कुठेच काही बदलावं लागत नाही. त्यासाठी जुन्या सिमवरून 1900 ला `PORT`, मोकळी जागा आणि तुमचा दहा आकडी नंबर असा एसएमएस पाठवायचा. उत्तरात कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात आधार घेऊन जायचं. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले असावे लागतात आणि पोस्टपेड असेल तर बिल भरलेलं. कोकणात किंवा घाटात कायम फिरणाऱ्याला मी हे सांगणार नाही, त्याला दोन कंपन्यांची सिम असणं उपयोगाचं, कारण एकाची रेंज जाते तिथे दुसऱ्याची सापडते. अशा माणसाने बोलताना नेट बदलण्याचं बटण बंद ठेवावं, पण रेंजवरून नेट बदलण्याचं वेगळं असेल तर ते चालू ठेवावं आणि जुन्या सिमला थोडं नेट असलेला पॅक मारावा.

आता सांगितलेली चाचणी करा आणि तीन गोष्टी लिहा: फोनचं मॉडेल, कॉल सुरू असताना जुन्या सिमशेजारी काय अक्षर दिसतं, आणि न उघडलेलं पान उघडलं की नाही. त्यावरून बटणाचं नेमकं नाव आणि जागा सांगतो.